वायरवर लावलेला पीएस फाईव्ह ९४ वरच अडकत असेल तर: केबल, लिंक स्पीड आणि स्विचचा पोर्ट कसा तपासायचा

ताईकडे नागपुरात मानेवाड्याला ३०० एमबीपीएसचा प्लॅन आहे, हॉलमध्ये फोनवर वायफायने २८० च्या वर येते, आणि वरच्या खोलीत भाच्याचा पीएस फाईव्ह चक्क लॅन वायरवर लावलेला असून टेस्ट केली की ९४. कधी ९३.८, कधी ९४.१, पण ९५ काही होत नाही. "मामा, साठ जीबीचा गेम टाकलाय, सकाळपासून चालूनच राहिलाय" म्हणून त्याचा फोन आला, मी म्हटलं रविवारी येतो, एक केबल बदलायची आहे बस. त्या एका केबलमध्ये माझे दोन रविवार गेले, कारण मी चुकीच्या क्रमाने तपासत होतो. योग्य क्रम कळल्यावर अर्ध्या तासात सापडलं, तोच इथे लिहितोय. उदाहरण पीएस फाईव्हचं आहे, पण पीएस फोर किंवा एक्सबॉक्स वनपासून पुढचा कुठलाही एक्सबॉक्स असेल तरी हेच लागू आहे, या सगळ्यांचा लॅन पोर्ट गिगाबिटचा, म्हणजे १००० एमबीपीएसचा आहे. जुन्या एक्सबॉक्स ३६० चा पोर्टच शंभरचा आहे, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

काय काय लागेल

- एक छोटी, चांगली पॅच केबल, मीटर-दोन मीटरची, जिच्यावर कुठेतरी गिगाबिट चाललेलं तुम्ही स्वतः पाहिलंय. हिला मी पुढे "खात्रीची केबल" म्हणणार आहे. सगळा खेळ हिच्यावर आहे.
- आठ लाईटवाला केबल टेस्टर, दोन तुकड्यांचा येतो. बर्डीवर कम्प्युटरच्या सामानाच्या दुकानात स्वस्तात मिळतो. त्याची बॅटरी वेगळी घ्यावी लागते, हे विसरलात तर पुन्हा चक्कर.
- मोबाईलचा टॉर्च, चिकटपट्टी आणि पेन.
- जमलं तर गिगाबिट लॅन पोर्ट असलेला लॅपटॉप. नसेल तरी चालतं.
- केबल पुन्हा क्रिम्प करायची, म्हणजे टोकाला नवा कनेक्टर दाबून बसवायचा असेल तर क्रिम्पिंग टूल आणि जास्तीचे कनेक्टर. पहिले दोन वाया जाणारच, म्हणून पाच-सहा घ्या.

१. आधी आकडा नीट बघा

पीएस फाईव्हवर `Settings` > `Network` > `Connection Status` > `Test Internet Connection`. एकदा करून सोडू नका, वेगवेगळ्या वेळी चार-पाच वेळा करा आणि लिहून ठेवा. कन्सोलची टेस्ट समोरच्या सर्व्हरवरही अवलंबून असते, त्यामुळे एकच आकडा फसवतो.

बघायचं काय, तर आकडा हलतो का एका जागी थांबतो. कंपनीकडची लाईन कमी-जास्त होत असेल तर आकडे १४०, २१०, ८०, १७० असे कुठेही फिरतात. पण सकाळी ९४, दुपारी ९३, रात्री दोन वाजताही ९४ येत असेल तर ते इंटरनेट नाही राजेहो, तो छताला डोकं लागल्याचा आकडा आहे. लॅनची लिंक १०० एमबीपीएसवर जुळली की डेटाच्या पाकिटांवरचा वेष्टणाचा खर्च जाऊन हातात साधारण ९४-९५ पडतात. गिगाबिटवर जुळली की तेच छत ९४० च्या आसपास जातं, म्हणजे ३०० च्या प्लॅनला ते कुठे आडवंच येत नाही. हिशोबात सांगायचं तर ६० जीबीचा गेम ९४ ने उतरायला सव्वा तासापेक्षा जास्त लागतो आणि २८५ ने अर्ध्या तासाच्या आत होतो.

तुमचा प्लॅनच १०० चा असेल तर या आकड्यावरून काहीच कळणार नाही, तुम्ही सरळ दुसऱ्या पायरीवर जा.

२. लिंक कितीवर जुळली ते डोळ्याने बघा

राऊटरवर किंवा स्विचवर, म्हणजे एका लॅन वायरच्या अनेक करणाऱ्या यंत्रावर, प्रत्येक पोर्टला बारीक लाईट असतो. बऱ्याच स्विचवर गिगाबिटला एक रंग आणि शंभरला दुसरा, बरेचदा हिरवा आणि नारिंगी. पण हे मॉडेलप्रमाणे उलटसुलट असतं, त्यामुळे स्विचच्या अंगावर किंवा खोक्यावर काय छापलंय ते वाचा, अंदाज लावू नका. ताईकडच्या स्विचवर दोन पोर्ट हिरवे आणि कन्सोलचा एकटाच नारिंगी होता, आणि तो गेल्या दिवाळीपासून तसाच आहे असं भाचा सांगतो. कोणी विचारलंच नाही की हा एकटा वेगळा काहून आहे.

लॅपटॉप असेल तर कन्सोलमागची वायर काढून लॅपटॉपला लावा, वायफाय बंद करा, आणि विंडोजच्या पॉवरशेलमध्ये हे टाईप करा:

```
Get-NetAdapter
```

`LinkSpeed` च्या रकान्यात `1 Gbps` किंवा `100 Mbps` दिसेल. लिनक्स असेल तर (शेवटी तुमच्या कार्डाचं नाव):

```
sudo ethtool enp3s0
```

यात `Speed: 100Mb/s` अशी ओळ येते.

इथे एक खड्डा आहे. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपचा लॅन पोर्ट मुळात शंभरचाच असतो आणि यूएसबीचे स्वस्त लॅन अडॅप्टरही तसेच. मग तुम्ही सोन्याची केबल लावली तरी `100 Mbps` च दिसणार, आणि तुम्ही चांगली केबल फेकून द्याल. म्हणून हाच लॅपटॉप आधी खात्रीच्या केबलने राऊटरला लावून बघा, तिथे `1 Gbps` दिसलं तरच त्याचं म्हणणं पुढे ऐकायचं.

३. ९४ वर का अडकतं ते एकदा समजून घ्या

ही पायरी टाळावीशी वाटेल, पण हे माहीत नसल्यामुळेच मी भरकटलो, म्हणून थोडक्यात सांगतो.

लॅन वायरच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या पिळलेल्या चार जोड्या. शंभरच्या लिंकला फक्त दोन जोड्या लागतात, कनेक्टरमधल्या १-२ आणि ३-६ नंबरच्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, म्हणजे ४-५ ची निळी आणि ७-८ ची ब्राऊन पण धडधाकट पाहिजे. आता गंमत अशी की दोन्ही बाजूची यंत्रं "तू किती पळतोस, मी किती पळतो" ही बोलणी त्या पहिल्या दोन जोड्यांवरूनच करतात. निळी तार तुटलेली असली तरी बोलणीत दोघंही म्हणतात, मला गिगाबिट जमतं, चल. आणि प्रत्यक्ष पळायला गेले की पाय अडकतो.

पुढे काय होतं ते त्या यंत्रातल्या चिपवर आहे. काही चिप दोन-चारदा प्रयत्न करून गपचूप शंभरवर उतरतात आणि तुम्हाला ९४ मिळतात. काही उतरतच नाहीत, लाईट लागतो, विझतो, परत लागतो, आणि कन्सोल सांगत राहतो की केबल जोडलेली नाही. म्हणजे तीच तुटकी केबल एका स्विचवर हळू चालेल आणि दुसऱ्यावर अजिबात चालणार नाही. अशा वेळी माणूस म्हणतो "केबल तर त्या स्विचवर चालते ना, मग हा स्विचच खराब", आणि नवीन स्विच घेऊन येतो. घरात दोन वेगवेगळे डबे असतील तर "चालते" या शब्दावर विश्वास ठेवू नका, कितीवर चालते ते विचारा.

४. संशयित एकेक बदलू नका, चांगल्यापासून सुरुवात करा

माझी चूक अशी झाली. पहिल्या रविवारी मी घरून २५ मीटरची नवी केबल नेली, जिन्यावरून तशीच लोंबकळत सोडली, स्विचच्या तिसऱ्या नंबरच्या पोर्टमधून जुनी काढून नवी लावली, टेस्ट केली, ९४. मी म्हटलं केबलचा दोष नाही, आणि नवी गुंडाळून परत नेली. दुसऱ्या रविवारी जुनी केबल दुसऱ्या पोर्टला लावली, तरी ९४. म्हटलं पोर्टचाही दोष नाही. मग उरला कोण, कन्सोल. ताई तर सर्व्हिस सेंटरचा पत्ताच शोधायला लागली होती.

खरं काय होतं, केबल पण खराब होती आणि पोर्ट पण खराब होता. एक बदललं की दुसरा अडवायचा. दोन दोष असले की एकेक बदलून कधीच सापडत नाहीत, आणि वर चांगल्या गोष्टीवर आळ येतो.

म्हणून उलट करायचं. कन्सोल उचला आणि थेट राऊटरजवळ न्या, म्हणजे कंपनीवाल्याने लावलेला तो फायबरचा डबा. हॉलच्या टीव्हीला एचडीएमआय लावा, खात्रीच्या केबलने कन्सोल थेट डब्याला जोडा, मध्ये स्विच नको, भिंतीतला पॉईंट नको, काही नको. टेस्ट करा. इथे प्लॅनच्या जवळपास आकडा आला की समजायचं कन्सोल, डबा आणि ही छोटी केबल तिन्ही निर्दोष. मग घरातल्या जोडणीचा एकेक तुकडा मध्ये घालत जायचं आणि प्रत्येक वेळी टेस्ट करायची. जो तुकडा घातल्यावर आकडा पडला, तो चोर. त्याला बाजूला काढून, त्याच्या जागी चांगला घालून पुढे जायचं, थांबायचं नाही, कारण पुढे दुसरा चोर बसलेला असू शकतो.

ताईकडे झालं ते असं:

डब्याला थेट, खात्रीची केबल: २८६.
डबा, मग स्विच, स्विचच्या तिसऱ्या पोर्टला तीच खात्रीची केबल: ९४. इथेच पकडला.
तीच केबल चौथ्या पोर्टला: २८७.
चौथ्या पोर्टला वर जाणारी जुनी लांब केबल, कन्सोल वरच्या खोलीत: पुन्हा ९४. हा दुसरा.

जिन्यावरून कन्सोल खाली-वर करताना भाचा कुरकुरला, पण बाप्पा, वेळ लागला अर्धा तास.

पहिल्याच जोडणीत, डब्याला थेट लावूनही ९४ आले तर आधी डब्याचा दुसरा पोर्ट बघा. अशा बऱ्याच डब्यांत एक पोर्ट गिगाबिटचा आणि बाकीचा शंभरचा असतो, बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, खाली स्टिकरवर `GE` आणि `FE` असं बारीक लिहिलेलं सापडतं. `FE` म्हणजे शंभरचा. लावणारा घाईत वायर कुठेही खुपसून जातो. तसंच जुना स्विच असेल तर त्याच्या अंगावर `10/100` लिहिलंय की `10/100/1000` ते वाचा, `10/100` असेल तर त्यात काही बिघडलेलं नाही, तो तेवढाच आहे.

सगळे पोर्ट बघूनही कन्सोल ९४ वरच, आणि त्याच केबलने त्याच पोर्टवर लॅपटॉप `1 Gbps` दाखवतो, तेव्हाच कन्सोलच्या पोर्टवर संशय घ्या. त्याच्या आधी नाही.

५. लांब केबलची तपासणी

दोन्ही टोकं काढा, टेस्टरचा एक तुकडा खाली, एक वर, आणि वर एक माणूस उभा करा. १ ते ८ लाईट दोन्हीकडे ओळीने लागले पाहिजेत. टेस्टर कधीही चालू स्विचमध्ये किंवा राऊटरमध्ये खुपसायचा नाही, फक्त दोन्ही बाजूंनी मोकळ्या केबलला.

आमच्याकडे वरून भाचा ओरडत होता, "एक, दोन, तीन, पाच!" चार लागलाच नाही. चार म्हणजे निळी तार. ९४ चं कोडं तिथेच सुटलं.

आता तार तुटली कुठे. नव्वद टक्के लोक आधी टोकाचा कनेक्टर कापून नवा लावतात, आणि ते बरोबरच आहे, कारण बरेचदा दोष टोकातच असतो, तार पूर्ण आत गेलेली नसते. मी पण दोन्ही टोकं नवीन केली, तरी चार अंधारच. दोन्ही टोकं एकदा नीट क्रिम्प करूनही तोच नंबर लागत नसेल तर तिसऱ्यांदा करू नका, तार मध्ये कुठेतरी गेलेली आहे. मग केबलवर पूर्ण हात फिरवत चाला. आमची केबल कूलरच्या खिडकीतून वर गेली होती. दर मार्चमध्ये कूलर बसवताना तो चौकटीला टेकवायचा आणि केबल त्याच्या पत्र्याच्या कोपऱ्यात काटकोनात दाबली जायची, वरून मे महिन्याचं ऊन आणि खाली कूलरचं पाणी. वरचं आवरण वाळून तडकलेलं, बोटाने दाबलं तर चुरा. तिथे चिरून बघितलं तर निळी तार सरळ दोन तुकडे.

आणि तार पण तांब्याची नव्हती. ब्लेडने हलकं खरवडलं तर वर तांब्याचा रंग आणि आत चांदीसारखं पांढरं, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. असली केबल वजनाला हलकी असते, दोन-चार वेळा वाकवली की तुटते. कधी आवरणावरच `CCA` छापलेलं असतं, वाचणारा कोणी नसतो. नवीन घेताना पूर्ण तांब्याची कॅट फाईव्ह ई मागा. गिगाबिटला शंभर मीटरपर्यंत ती पुरते, घरात तुम्हाला तीस मीटरच्या वर लागतच नाही. "कॅट एट" लिहिलेल्या चपट्या फितीसारख्या केबलच्या नादी लागू नका, नंबर मोठा आणि आतल्या तारा केसाएवढ्या. बाहेरून न्यायची असेल तर बाहेरच्या वापराची, काळ्या जाड आवरणाची मागा, साधं आवरण आपल्या ४५ डिग्रीच्या उन्हात गच्चीवर फार दिवस काढत नाही.

तुटलेल्या जागी तारा पिळून वर टेप मारण्याचा मोह होईल, मला झाला होता. जोड्यांचा पीळ तिथे उलगडतो आणि गिगाबिटला तेच सोसत नाही. पूर्ण केबल बदला.

टेस्टरच्या मर्यादाही माहीत पाहिजेत. तो फक्त तार या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहे का एवढंच सांगतो. अर्धवट तुटलेली, हलवली की सुटणारी तार तो पास करतो, म्हणून टेस्टर चालू ठेवून केबल दोन्ही टोकांशी आणि प्रत्येक वळणावर हलवून बघा. आणि दुसरी गोष्ट, जोडीतली गफलत त्याला दिसत नाही, ती पुढच्या पायरीत.

६. क्रिम्प स्वतः करणार असाल तर

क्रम हा, कनेक्टरची पट्टी खाली, सोनेरी पिना वर आणि वायर तुमच्याकडे करून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-ब्राऊन, ब्राऊन. दोन्ही टोकांना तोच.

नवखे लोक इथे हमखास एक करतात. सगळे जोडीने लावतात, नारिंगीची जोडी, हिरव्याची जोडी, निळ्याची, ब्राऊनची, दिसायला सुबक आणि दोन्हीकडे सारखं. टेस्टरवर १ ते ८ सुंदर लागतात. पण ३ आणि ६ नंबरच्या तारा आता एकमेकींभोवती पिळलेल्या नाहीत, एक हिरव्या जोडीतली आणि एक निळ्या जोडीतली. छोट्या केबलवर खपून जातं, २० मीटरवर एका जोडीचा आवाज दुसरीत घुसतो आणि लिंक गटांगळ्या खाते. म्हणून हिरवी जोडी फोडून मध्ये निळी बसवायची, हे लक्षात ठेवा. कारण कळलं की क्रम पाठ करावा लागत नाही.

पीळ जितका कमी उलगडाल तितकं चांगलं, अर्धा इंचाच्या वर नाही. आणि बाहेरचं आवरण कनेक्टरच्या आत गेलं पाहिजे, त्यावर तो दाब बसला पाहिजे. नुसत्या आठ तारा बाहेर दिसत असतील तर दोन महिन्यांत एखादी निघणार.

आणि हो, जुन्या घरांत लावणाऱ्याने चारच तारा क्रिम्प केलेल्याही सापडतात, बाकीच्या चार कापून टाकलेल्या किंवा लँडलाईनला वापरलेल्या. टेस्टरवर १, २, ३, ६ च लागले तर हेच समजा. दोन्ही टोकांशी आठही तारा शाबूत असतील तर नवीन कनेक्टर लावून काम होऊन जातं, केबल बदलायची गरज नाही.

७. स्विचचा पोर्ट

पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. आठ सोनेरी पिना एका रांगेत, सारख्या उंचीवर, तिरक्या उभ्या दिसल्या पाहिजेत. ताईच्या तिसऱ्या पोर्टमध्ये अगदी कडेची एक पिन आत दबून बसली होती. चौकशी केली तर उलगडा झाला: मागे लँडलाईन होता तेव्हा ताईच्या सासऱ्यांनी फोनची वायर या भोकात बसते का म्हणून घालून बघितली होती. ती बसते, हाच तर त्रास आहे. फोनचा प्लग अरुंद असतो, त्याच्या प्लास्टिकच्या कडा पोर्टमधल्या पहिल्या आणि आठव्या पिनेवर दाबतात. पहिली कशीबशी परत वर आली, आठवी नाही. आठवी म्हणजे ब्राऊन, म्हणजे शंभर चालू आणि गिगाबिट बंद. पहिली बसली असती तर लिंकच लागली नसती आणि पोर्ट मेला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, हा अर्धमेला राहिला म्हणून एवढे दिवस खपला.

पिन सुईने वर ओढायचा प्रयत्न करायचा असेल तर स्विचची वीज काढून करा, पण मी करत नाही, ती शेजारच्या पिनेला चिकटली तर काम वाढतं. त्या पोर्टवर चिकटपट्टी लावून पेनाने फुली मारली. पाच पोर्टच्या स्विचमध्ये एक गेला तर जग बुडत नाही.

पिना सरळ दिसत असूनही पोर्ट शंभरवर अडकत असेल तर पोर्टमागचा भाग गेलेला असू शकतो. बाहेरून आलेली लांब केबल ज्या पोर्टला लागते तो पावसाळ्यातल्या विजांच्या कडकडाटात जातो, आणि दरवेळी पूर्ण मरतो असं नाही. खात्रीची केबल आणि खात्रीचं यंत्र त्या पोर्टवर ९४ देतं आणि शेजारच्या पोर्टवर पूर्ण, एवढा पुरावा पुरे आहे.

कनेक्टरची प्लास्टिकची पट्टी तुटलेली असेल तर प्लग थोडा मागे सरकतो आणि कडेची पिन सुटते. लक्षण तेच, उपाय नवीन कनेक्टर.

८. लिंक गिगाबिट दाखवते पण गेम अडखळतो

सगळं बदलल्यावर लाईट हिरवा झाला म्हणून लगेच सामान आवरू नका. काठावरची केबल गिगाबिटवर जुळते आणि पाकिटं गाळत राहते. डाउनलोड बऱ्यापैकी दिसतं, पण पार्टी चॅटमध्ये आवाज तुटतो आणि गेममध्ये माणूस उड्या मारत जातो.

कन्सोलच्या जागी विंडोजचा लॅपटॉप लावून, वायफाय बंद ठेवून, घरातल्याच राऊटरला मोठी पाकिटं पाठवा. राऊटरचा पत्ता कन्सोलवर `View Connection Status` मध्ये `Default Gateway` समोर दिसतो:

```
ping -n 500 -l 1400 192.168.1.1
```

आठ-नऊ मिनिटं लागतात. घरातल्या घरात वायरवर एकही पाकीट गळता कामा नये. पाच-सात गळाली तर दोष इंटरनेटचा नाही, याच वायरचा किंवा पोर्टचा आहे, परत चौथ्या पायरीवर. पाकिटं मुद्दाम मोठी ठेवली आहेत, कारण छोटी पाकिटं खराब वायरवरूनही निसटून जातात.

केबल उन्हातून जात असेल तर ही टेस्ट सकाळी नको, दुपारी तीनला करा. तापलेल्या वायरमध्ये सिग्नल जास्त मुरतो, आणि अर्धवट तुटलेली तार उन्हाने ताणली की सुटते. भाचा म्हणायचा "मामा, दुपारीच तुटून राहते, रात्री नाही", आणि आम्ही त्याला म्हणायचो दुपारी तू झोपत जा.

हे करू नका

लॅपटॉपवर किंवा सेटिंग असलेल्या स्विचवर `Speed & Duplex` हाताने `100 Full` करून ठेवायचा सल्ला कुठेतरी मिळेल. एकाच बाजूला हाताने केलं की दुसरी बाजू बोलणीशिवाय वेग ओळखते, पण दोन्हीकडून एकाच वेळी बोलता येतं हे तिला कळत नाही, ती एकेरी रस्ता समजून बसते. मग एक बाजू बोलत असताना दुसरी पण बोलते, टकरा होतात, आणि जे ९४ मिळत होते ते पाच-सातवर येतात. दोन्हीकडे ऑटोच ठेवा.

आणि ९४ असताना इंटरनेट कंपनीला तक्रार करू नका. माणूस येतो, डब्याजवळ उभा राहून फोनवर वायफायची टेस्ट दाखवतो, २९० येतात, सही घेऊन जातो. तो खोटं बोलत नाही.

ताईकडे नवीन केबल कूलरच्या खिडकीतून नाही, जिन्याच्या आतल्या भिंतीने नेली, चार मीटर जास्त लागली. वळणं मुठीएवढी गोल ठेवली, खिळ्यांच्या क्लिपा हलक्या हाताने ठोकल्या. चौथ्या पोर्टवरून कन्सोल २८४ ते २८८ देतोय, दुपारच्या तीन वाजताच्या पिंगमध्ये ५०० पैकी ५०० परत. जुनी २२ मीटरची केबल मी सोबत आणली आणि दोन्ही टोकं कापून मगच भंगारात दिली, नाहीतर ती कोणाच्या तरी घरी परत लागली असती.